बाईंच्या पत्रातली अट

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला आंतरवासितेसाठी गडमुडशिंगीकडच्या एका हायस्कुलात पाठवलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत बसायचं म्हटलं की मला खुर्चीच्या कडेवरच बसता यायचं. कोडोलीहून एस.टी.नं यायचं, कोल्हापुरात बस बदलायची आणि शाळेत पोचल्यावर कुणी काही सांगेपर्यंत गप्प राहायचं, असा माझा पहिला महिना गेला.

मग दहावीला भूमिती शिकवणाऱ्या बाईंनी मला आपल्याकडे ओढून घेतलं. त्या वर्गात शिकवायच्या तेव्हा मी शेवटच्या बाकाशेजारी तिपाईवर मोबाईल लावून पाठाचं चित्रीकरण करायची. नंतर तो पाठ, बाकीच्या शिक्षकांचे असायचे तसा, शाळेच्या चॅनेलवर चढवायचा आणि दुवा वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. शाळेत अशी मुलं पुष्कळ होती, ज्यांचे आईबाप इचलकरंजीला मागावर कामाला जात. धाकट्या भावंडाला ताप आला की थोरलीनं घरी राहायचं हे ठरलेलंच. अशा मुलीचं प्रमेय एकदा चुकलं की चुकलंच. बाईंचे पाठ तिच्यासाठी होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत मुख्याध्यापक सरांनी सांगितलं की हे पाठ बंद करायचे. कुणी शेवटपर्यंत बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका कंपनीचे तयार पाठ होते, त्यात त्रिकोण आपोआप फिरतात, मागं संगीत असतं. संस्थेच्या पुढच्या सभेत ते घ्यायचं ठरणार होतं. सर वाईट माणूस नव्हते. शाळेत संगणक कक्ष त्यांनीच उभा केला होता. पण एकदा मनाशी ठरवलं की ऐकायचे नाहीत.

बाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "शेवटपर्यंत बघत न्हाईत म्हणता सर, पण कुठंपर्यंत बघत्यात हे बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. खोलीत फक्त मला माहीत होतं की ते बघता येतं, कारण चॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे होता आणि फावल्या वेळेत मी नको तिथं बोट लावून बघायची. बैठकीत बोलायचं धाडस झालं नाही. मधल्या सुट्टीत बाईंना सांगितलं. त्यांनी डबा तसाच झाकला आणि आम्ही संगणक कक्षात गेलो.

प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचा पाठ आम्ही उघडला. मुद्दाम गेल्या वर्षीचा, मी यायच्या आधी काढलेला घेतला, कारण बघणारे फारच थोडे असले तर आलेख दिसतच नाही आणि या पाठाला दोन वर्षांची मुलं मिळाली होती. आडव्या रेषेवर पाठाची मिनिटं आणि उभीवर त्या त्या क्षणी किती जण बघत होते, असा तो आलेख. सुरुवातीलाच रेषा विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती.

बाईंनी पाठ चालू केला. पडद्यावर त्या फळ्याच्या वरच्या भागात वार, दिनांक, इयत्ता, विषय, घटक, पट, हजर असं सगळं सुबक अक्षरात लिहीत होत्या. फळ्याचं हे शीर्षलेखन आम्हाला बी.एड.ला घोटून शिकवतात, त्याला गुण असतात. मीही माझ्या प्रत्येक पाठाला ते लिहायची. घरी मोबाईल धरून बसलेल्या मुलीला मात्र वर्गात किती जण हजर होते याच्याशी काय घेणं असणार? तेवढ्यात तिनं पाठ बंद केलेला असे.

पुढं मधेच आलेखाला एक उंचवटा होता. तिथं मुलांनी मागं जाऊन पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. मी आनंदानं म्हटलं की बाई, हा भाग मुलांना आवडलाय. त्यांनी तो भाग लावला. त्रिकोण काढून झाला होता, BC ला समांतर PQ रेषा ओढली होती आणि आता बाई P पासून C आणि B पासून Q जोडत होत्या. ते आम्हाला कळलं ते त्यांच्या बोलण्यावरून, कारण पडद्यावर फक्त त्यांची पाठ आणि अंबाडा दिसत होता. मागून एका पोराचा आवाज आला, "बाई, दिसत न्हाय." बाई बाजूला झाल्या, पण तोवर त्या पुढच्या पायरीवर बोलत होत्या.

"आवडलाय म्हणं," बाई म्हणाल्या. "डोसकं फोडत बसली असतील घरात, बाई कवा सरकती म्हणून."

मी खजील झाले. आलेख फक्त जागा दाखवतो, कारण दाखवत नाही. कारणासाठी पाठ बघावा लागतो आणि मुलांना विचारावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकले.

त्याच दिवशी बाईंनी सरांना पत्र लिहायला घेतलं. त्या सांगत होत्या, मी टंकत होते. पाठ बंद करू नयेत. दर आठवड्याला एका पाठाचा आलेख बघावा, जिथं मुलं सोडून जातात आणि जिथं मागं येतात त्या जागा नोंदवाव्यात, त्या जागी काय झालं ते चित्रीकरणात बघावं, मुलांशी बोलावं आणि तेवढाच पाठ पुन्हा काढावा. पूर्वपरीक्षेपर्यंत हे करून बघू द्यावं. पुढं त्यांनी आकड्यांच्या मर्यादाही घातल्या. एका मोबाईलवर तीन भावंडं बघतात तरी मोजलं जातं एकदाच. कुणी फाईल उतरवून पुढं पाठवली तर ती मोजलीच जात नाही. आणि शेवटी लिहायला सांगितलं: "अट: या आकड्यांवरून शिक्षकांची तुलना करू नये, व कोणत्या मुलानं पाहिलं नाही याचा शोध घेऊ नये."

मी थांबले. मुख्याध्यापकांना 'अट' कशी लिहायची? भीत भीत म्हटलं, "बाई, 'सूचना' लिहू का?"

"सूचना केराच्या टोपलीत जाती. अट लिही."

सरांना पत्र आवडलं, हेच मोठं संकट झालं. त्यांनी आलेख स्वतः उघडून बघितला आणि लहान मुलासारखे हरखले. पण अटीवर लाल पेनानं काट मारली. त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं होतं. सगळ्या शिक्षकांचे पाठ उतरत्या क्रमानं लावायचे, तक्ता संस्थेच्या सभेत ठेवायचा, जे खाली असतील त्यांचे पाठ काढून टाकायचे आणि त्यांच्या विषयाला कंपनीचे पाठ घ्यायचे. सुरुवातीलाच पडलेल्या खड्ड्यामुळं बाईंचे पाठ तक्त्यात खालीच येणार होते.

तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी मला खोलीत बोलावून अगदी प्रेमानं सांगितलं की पोरी, तुला जमतंय, तुझ्या प्रमाणपत्रावर चांगला शेरा देतो. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. मला 'नाही' म्हणता येत नाही, हे आमच्या घरातही सगळ्यांना ठाऊक होतं.

दरम्यान तक्त्याची बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली होती. दोन दिवसांनी मी आत गेले तर टेबलावर डब्यांच्या शेजारी चार-पाच मोबाईल उभे केलेले, सगळ्यांवर ज्याचे त्याचे पाठ चालू आणि आवाज बंद. इतिहासाचे सर भाकरी मोडत स्वतःच्याच पाठाकडे पाठ करून बसले होते. मला बघून म्हणाले, "आमच्या मेव्हण्यालाबी लावलंय कामाला. त्यो पानपट्टीवर दिवसभर शिवाजी महाराजांचं आरमार बघतोय."

सगळे हसले. मीही हसले आणि मग लक्षात आलं की आता आकडे मुलांचे राहिले नाहीत.

आकडे यायला एक-दोन दिवस लागतात. ते आल्यावर मी इतिहासाच्या पाठाचे दोन आलेख काढले, एक बातमी फुटायच्या आधीच्या दिवसांचा, एक नंतरचा. आधीच्यात चढउतार होते, मुलं कुठं कंटाळली, कुठं मागं आली ते दिसत होतं. नंतरचा या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, नांगरून फळी मारलेल्या रानासारखा. त्यात एकही मूल दिसत नव्हतं.

दोन्ही कागद घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी पत्र पुन्हा छापायला सांगितलं. जसंच्या तसं, अटीसकट. ते घेऊन त्या लिपिकाकडे गेल्या, आवक क्रमांक घातला, म्हणजे आता लेखी उत्तर द्यावंच लागणार. मग मला म्हणाल्या, "तू येऊ नगंस. तुझं प्रमाणपत्र त्यांच्या हातात हाय."

मी गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. एवढंच कळत होतं की बाहेर थांबले असते, तर पुढं स्वतःच्या वर्गात उभं राहताना मला जड गेलं असतं.

सरांनी पत्र बघितलं आणि चष्मा काढला. काट मारलेलं पुन्हा का आणलं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या की काट तुमची, पत्र माझं. सरांनी माझ्याकडे वळून तक्ता कुठाय म्हणून विचारलं.

माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. "सर, मी तक्ता करणार नाही."

"का?"

मी दोन्ही आलेख टेबलावर ठेवले आणि शिक्षकांच्या खोलीत काय चाललंय ते, कुणाचं नाव न घेता, सांगितलं. हेही सांगितलं की नुसत्या आकड्यांनी क्रम लावला तर आपल्या चॅनेलवर पहिला नंबर कबड्डीच्या अंतिम सामन्याचा येतो. त्याला भूमिती शिकवायला ठेवायचं का, असं बाईंनी मधेच विचारलं.

सर हसले नाहीत. त्यांनी सपाट रेषेचा कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "संस्थेला मी काय दाखवू?"

"सुधारलेला पाठ दाखवा," बाई म्हणाल्या. "आन् त्यो न्हाई सुधारला, तर माझे सगळे पाठ काढून टाका. मी सही करून देती."

सरांनी उत्तर पत्राच्या खालीच लिहिलं: भूमितीपुरतं, पूर्वपरीक्षेपर्यंत, अट मान्य. तक्ता सभेत गेला नाही. भूमितीसाठी कंपनीचे पाठ घ्यायचा निर्णय तेवढा पुढं ढकलला गेला. इतर विषयांना मात्र त्यांनी कंपनीचे पाठ घेतलेच. पुढं आंतरवासिता संपल्यावर माझ्या प्रमाणपत्रावर शेरा आला 'समाधानकारक'. सोबतच्या सगळ्यांना 'उत्कृष्ट' होता. मी तो कागद दुमडून पिशवीत घातला.

प्रमेयाचा पाठ आम्ही पुन्हा काढला. शीर्षलेखन चित्रीकरणाआधीच उरकलं. मोबाईल फळ्याच्या एका बाजूला, जवळ आणला. बाई दुसऱ्या बाजूनं हात लांब करून रेषा ओढायला शिकल्या, त्यासाठी रिकाम्या वर्गात सराव केला. अंबाड्याऐवजी आता C पर्यंत जाणारी रेषा दिसत होती.

नव्या पाठाचा आलेख दिसायला बरेच दिवस गेले, कारण बघणारी मुलं पुन्हा पहिल्यापासून जमायची होती. आंतरवासिता संपत आली तेव्हा तो उघडला. सुरुवातीचा खड्डा बराच भरला होता. मधला उंचवटा जवळपास गेला होता. पण शेवटाकडे, जिथं बाई 'म्हणून' म्हणून निष्कर्ष मांडत होत्या, तिथं एक नवीन उतार पडला होता.

मला वाईट वाटलं. सरांना हे दिसणार, असं मी म्हणाले.

बाई खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसल्या.

"दिसू दे की. हितनं कोण उठून गेलं आन् का गेलं, बघू. लाव परत."