एकमताने ठरले

“सुचवलं कुणी?” असं विचारताना बाईंचा टाक हवेतच थांबायचा. “आणि अनुमोदन कुणाचं?”

सोसायटीच्या सभेत तर त्या हे विचारायच्याच, पण गल्लीतल्या बायकांनी मिळून पापड लाटायचं ठरवलं तरी हाच सवाल. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आम्ही हसायचो. पण ही सवय बाईंना कशी लागली, ते मी जवळून पाहिलंय.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. औरंगाबादेत आम्ही काही नोकरदार आणि कारागिरांनी घरबांधणीची सहकारी सोसायटी काढली होती. बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. उर्दू, मराठी दोन्ही सुरेख लिहायच्या, म्हणून त्यांना सेक्रेटरी केलं. सभेचं इतिवृत्त, ज्याला आम्ही रूदाद म्हणायचो, ते लिहायचं त्यांच्याकडे आलं.

त्यांची पहिलीच सभा. आमचा एक सभासद, खुलताबादचा शिंपी, नुकताच वारला होता. घराच्या भिंती अर्ध्यावर होत्या. त्याच्या जागी बायकोला सभासद करायचं का, असा विषय निघाला.

“एकटी बाई काय घर बांधणार?” आणखी एक सभासद, वकीलसाहेब, गरजले. “प्लॉट सोसायटीनं परत घ्यावा.” त्यांच्या मेहुण्याला प्लॉट हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग सगळे एकदम बोलू लागले. कुणी नाही म्हणालं, कुणी मधेच सोसायटीच्या विहिरीचा विषय काढला. अध्यक्ष, म्हणजे आमचे सदरसाहेब, नमाजाची वेळ झाली म्हणून उठले आणि सभा मोडली.

बाईंनी कागदावर अर्धेमुर्धे शब्द टिपले होते. शाळेच्या परीक्षा आटपल्यावर त्या रूदाद लिहायला बसल्या, तेव्हा कानात सर्वांत मोठा आवाज तेवढा उरला होता. त्यांनी लिहिलं, ‘प्लॉट परत घेण्याचे एकमताने ठरले.’ आणि तसं पत्रही त्या विधवेला धाडलं.

पत्र घेऊन ती बाईंच्या दारात आली. मी शेजारचा, ओट्यावरच बसलो होतो.

“बाई, समद्यांनी हात वर केला?” माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, “या भाऊंनी बी?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणालो. “हात कुणीच वर केला नव्हता. मतं घेतलीच नाहीत.”

बाई तशाच चपला घालून सदरसाहेबांकडे निघाल्या. मीही मागोमाग गेलो.

“पन्ना फाड दो, नया लिखो,” सदरसाहेब सहज म्हणाले.

“आज मी फाडलं, तर उद्या दुसरा कुणी फाडेल.”

सदरसाहेबांनी मान डोलावली. “बरोबर आहे. पुढच्या सभेत वाचून मंजूर होईपर्यंत रूदाद कच्ची असते. दुरुस्ती होईल. पण सगळ्यांसमोर.” तोवर पत्र तहकूब ठेवल्याची चिठ्ठी त्यांनी लिहून दिली.

पुढच्या सभेत पहिलाच विषय मागची रूदाद वाचण्याचा. बाईंनी आपली चूक स्वतःच वाचली आणि चूक आहे म्हणून सांगितलं. ती विधवा दाराबाहेर पदर घट्ट धरून उभी होती.

“लिहिलंय, पत्र गेलंय. आता फिरवायचं कशाला?” वकील उसळले.

“सुचवलं तुम्ही,” बाई म्हणाल्या. “अनुमोदन कुणाचं?”

वकील दोस्तांकडे पाहू लागले.

“हात कुणी वर केले?” बाईंनी सभेकडे वळून विचारलं.

मग कोपऱ्यातून आमचा एक सभासद, सुतार, म्हणाला, “त्याच्यापरीस असं लिवा, प्लॉट तिलाच दिला!”

“तेही ठरलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

दाराबाहेर ती विधवा मटकन खाली बसली. मला बाईंचा राग आला. एवढं कठोर कशाला व्हायचं?

‘चर्चा झाली, निर्णय झाला नाही,’ ही दुरुस्ती मी सुचवली, सुतारानं अनुमोदन दिलं, हात वर झाले. बाईंनी जुन्या ओळीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी दुरुस्ती लिहिली. सदरसाहेबांनी तारीख घालून सही केली. मगच मागची रूदाद मंजूर झाली.

नंतर शिंप्याच्या जागेचा विषय वेगळा घेतला. विधवेला सभासद करावं, असं सुतारानं सुचवलं. मी अनुमोदन दिलं. एकेक हात वर जाऊ लागला. बाई मोजत होत्या, ओठ घट्ट मिटून. वकील आणि त्यांचे दोन दोस्त सोडून सगळ्यांचे हात वर होते.

“माझा विरोध लिहिलात?” वकिलांनी विचारलं.

“लिहिला. ‘एकमताने’ नाही, ‘बहुमताने’ लिहिलंय.”

वकिलांनी वाकून वाचलं.

“मला वाटायचं, सुंदर अक्षर पुरे,” घरी जाताना बाई एवढंच म्हणाल्या.

काही वर्षांनी त्यांची बीदरला बदली झाली आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. माझ्या पहिल्या सभेत नेहमीसारखे सगळे एकदम ओरडू लागले. त्यांना थांबवायला मी तोंड उघडलं, पण माझा आवाज त्या गलक्यात बुडाला. तेवढ्यात सभासदांच्या रांगेतून शिंप्याची बायको उभी राहिली.

“एकेकानं बोला,” ती म्हणाली. “भाऊंना लिवायचंय.”