शिक्का कादराबादचा

टांगेवाला लतीफ उर्दू वाचायचा. राजूरच्या रामराव पाटलांना ते ठाऊक नव्हतं, विचारायची गरजही वाटली नव्हती. उद्या त्यांच्या लेकीचं लगीन, दागिने मात्र बँकेत.

"पाटील, पावती दाखवा. त्या बँकेच्या जालन्यात दोन शाखा हायत."

"घोडा हाक. बँक म्हंजे बँक. जुना जालना."

जुन्या जालन्यात कारकुनानं पावतीवरचा उर्दू शिक्का पाहिला. "हा कादराबादचा. नदीपलीकडं जा. एकला बंद होते."

घड्याळात पाऊण झाला होता. लतीफनं घोडा दामटला, पण कादराबादच्या शाखेला कुलूप लागलं होतं.

"उद्या सकाळी कधी उघडती?" पाटलांचा आवाज बारीक झाला.

"उद्या जुम्मा, पाटील. सरकारची शुक्रवारची सुट्टी, बंदच. अक्कल मातर रोज उघडी असती, फुकट मिळती."