सेरोटोनिनचा दुसरा रकाना

लातूरच्या फार्मसी कॉलेजात शिकवताना मला माझ्या एका तक्त्याचा अभिमान होता. औषधे शरीरातल्या ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे रासायनिक संदेश झेलणाऱ्या प्रथिनांवर, काम करतात, त्यांची चार कुळे मी फळ्यावर चार रकान्यांत मांडत असे. आयन चॅनेल मिलिसेकंदांत उत्तर देणारे, जी-प्रोटीनशी जोडलेले सेकंदांत, एन्झाइमशी जोडलेले मिनिटांपासून तासांपर्यंत, आणि न्यूक्लियर रिसेप्टर जनुकांना जागवत तासन्‌तास घेणारे. मुले तो तक्ता खडूचा वास विरायच्या आत उतरवून घेत. पेपरही मी त्यावरूनच तपासत असे.

एका परीक्षेत देगलूरच्या एका मुलीने सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन दोन रकान्यांत लिहिले, जी-प्रोटीनच्या आणि आयन चॅनेलच्याही. माझ्या तक्त्यात ते फक्त जी-प्रोटीनच्या रकान्यात होते. मी लाल फुली मारली.

पेपर परत देताना ती उभी राहिली. "मॅडम, उलटी थांबवायला ओंडान्सेट्रॉन देतात ना, ते सेरोटोनिनच्या आयन चॅनेललाच अडवतं की."

"तक्ता मी दिलाय की तू?"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणाले, "बस गं, डॉक्टरीणबाई!"

संध्याकाळी पुस्तक उघडले. सेरोटोनिनच्या रिसेप्टरांपैकी तिसरा प्रकार खरोखरच आयन चॅनेल होता.

दुसऱ्या दिवशी मी सर्वांसमोर चूक कबूल केली आणि तिचे गुण वाढवले. वर्गाचे ते हसू मात्र मला परत घेता आले नाही. पुढे दोन वर्षे ती पहिल्या बाकावर बसून माझा शब्द न् शब्द सुवाच्य अक्षरात उतरवत राहिली. तिने पुन्हा कधीच काही विचारले नाही.