एकाच व्याजाची दोनदा वजाबाकी

ताई अतिदक्षता विभागात नर्स. रागीट इतकी, की डॉक्टरही तिला बिचकून असतात. तेरा वर्षं परदेशात काढून ती गेल्या वर्षी परतली, तेव्हा तिचे करविषयक कागद माझ्याकडे आले. मी तिचा धाकटा भाऊ आणि करसल्लागार.

ती वर्षाच्या मध्यावर परतली. करासाठी ती पूर्ण वर्षाची इथली रहिवासी ठरली आणि तिकडचा पगारही इथल्या उत्पन्नात धरला गेला. तिकडचे चाळीस लाख. इथला पगार आणि फ्लॅटचं भाडं, कर्जाचं व्याज वजा जाता, दहा. एकूण पन्नासावर इथला कर पंधरा लाख. तिकडे चौदा भरलेले. पण तिकडे भरलेल्या कराची सवलत मिळते ती इथल्या करातल्या परदेशी उत्पन्नाच्या वाट्यापुरतीच. पंधराचे चार पंचमांश, म्हणजे बारा. वरचे दोन लाख गेले पाण्यात. इथं भरायचे उरले तीन.

"नियम आहे ना? मग भरते," ती म्हणाली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तीन लाखच शिल्लक होते. बाकीचे फ्लॅटमध्ये आणि आईच्या ऑपरेशनमध्ये गेलेले.

मग कर कार्यालयाची नोटीस आली. सवलत बारा नाही, नऊच. भरा सहा.

रविवारी आम्ही सगळे आईकडे जमलो. भाऊजी म्हणाले, "सहा महिने परत तिकडे नोकरी करून यायचं. तिकडच्या नोकऱ्या देणारा एजंट तर रोज फोन करतोय." आई चहा ओतत राहिली. मी म्हणालो, "ताई, कर कार्यालयाशी भांडून काय मिळणार?" मला स्वतःचा आजही संताप येतो.

ताईने नोटीस ओढून घेतली. औषधाचा डोस ताडून पाहते तशी एकेक ओळ पेन्सिलीने ताडत गेली. "तिकडचा पगार तीस कसा झाला? दहा लाख कुठे गेले?"

मी पाहिलं. फ्लॅटच्या कर्जाचं व्याज दहा लाख. ते भाड्याच्या बाजूने एकदा वजा झालेलंच होतं. अधिकाऱ्याने तेच परदेशी पगारातूनही वजा केलेलं. वाटा घटला, सवलत घटली.

"इथल्या घराचं व्याज तिकडच्या पगारातून कशाला कापायचं? तू वाचलीस तरी का ही?"

मी फक्त शेवटचा आकडा पाहिला होता.

सोमवारी कार्यालयात तिने मला तोंड उघडू दिलं नाही. अधिकारी कुरकुरला, हिशेब पुन्हा केला आणि म्हणाला, "बाई, झाली चूक." सुधारित आदेश आला. भरा तीन. तिने त्याच दिवशी भरले.

बाहेर पायरीवर मी म्हणालो, "सुटलो बुवा. आता जायला नको."

ती थांबली. "सहाचा आकडा बरोबर निघाला असता, तर तुम्ही मला पाठवलं असतं. एकानेही म्हटलं नाही की मिळून भरू."

या वर्षीचे कागद ती दुसऱ्याकडे घेऊन गेली.