येसर आमटीचे चार घास

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्याकडे टँकर चार दिवसांनी यायचा. पाटोद्याच्या बाजारात डोक्यावरून भांडी विकत मी दुकान उभं केलं होतं, तेही ओस पडलेलं. दुपारी बायकोसोबत टीव्हीवर खाण्याचे कार्यक्रम बघत बसायचो.

तिनं त्यांची वाटणी केली होती. स्पर्धेचे तिला नको असायचे. "घड्याळ लावून कुणी सैपाक करतं व्हय? वरून रडवत्यात." घरगुती शिकवणाऱ्या बाईचा कांदा टाकल्या टाकल्या लाल व्हायचा, आधीच परतलेल्या कांद्याची दुसरी कढई आत ठेवलेली असते, हे हिनंच ओळखलं. तिसरे फिरतीचे. त्यात निवेदक गावोगावच्या चुलीपुढं जाऊन बसायचा. ते मात्र ती हातातलं काम टाकून बघायची.

दूध संघाच्या चेअरमननं असलाच एक कार्यक्रम गावात आणला. येसर आमटी हिच्यासारखी कुणाची नाही, म्हणून ते आमच्या घरी आले. मी पैसे मागितले नाहीत. हिचा चेहरा आणि नाव दिसलं पाहिजे, एवढाच सौदा केला.

"काका, शंभर टक्के," दिग्दर्शक म्हणाला.

आधी त्यांनी नुसते हात टिपले: धान्य-मसाले भाजून दळलेलं येसर पाण्यात कालवताना, फोडणी देताना. चेहरा शेवटी घेऊ म्हणाले. मग निवेदक जेवायला बसला. भाकरी मोडायची, एक घास, "वा!" आणि ताट बाजूला. उजेड बरोबर नाही, पुन्हा. तेच ताट चालेल म्हणाले, पण पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढणं हिला जमेना. ती दर वेळी ताट धुऊन नव्यानं वाढायची. घागर अर्ध्यावर आली. चौथा घास त्यानं कागदात थुंकला.

माझं डोकं फिरलं. "गिळायचं न्हाई तर मागतो कावून? हितं प्यायला पाणी न्हाई!"

"काका, दिवसात दहा घरी खावं लागतं," निवेदक म्हणाला.

"मग ऊठ बे माझ्या घरातून!"

बायको हळूच म्हणाली, "अवो, माझा चेहरा घ्यायचा ऱ्हायलाय." मी ऐकलं नाही. ते तिथून चेअरमनकडे गेले.

कार्यक्रम लागला तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. येसर कालवणारे हात हिचे, मनगटावरच्या गोंदणासकट. पुढच्या क्षणी चेअरमनची बायको हसत वाढताना दिसली. खाली नावही तिचंच.

"हात तर तुजेच की गं!" शेजारीण म्हणाली.

"सगळ्यांचे हात सारकेच असत्यात," म्हणून ही उठून आत गेली.

चेअरमनला मी अजून रामराम घालत नाही. घरच्या म्हशीचं दूध संघाला घालणंही तोडलं. ही मात्र त्याला कधी बोलली नाही. एकदा मलाच म्हणाली, "त्यानं एक घास थुकला, त्यात तुमचं काय गेलं वो?"

फिरतीचा कार्यक्रम लागला की ती आता उठून जाते.