नाव, फोन, गाव आणि शेरा

शाळा सोडून तीस-एक वर्षं झाली की माणसांना शाळेचं प्रेम उतू जायला लागतं. आमच्या कुरुंदवाडच्या दहावीच्या वर्गाला ते गेल्या वर्षी उतू गेलं. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, एकानं दुसऱ्याला ओढलं, आणि बघता बघता सकाळी उठल्यापासून फुलं, सुविचार आणि पाचकळ विनोद यांचा चिखल सुरू झाला. मी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता. बाहेर पडले असते तर बरं झालं असतं.

स्नेहमेळावा करायचं ठरलं. आमच्यातला एकजण स्वतःच स्वतःला त्याचा अध्यक्ष नेमून मोकळा झाला. शाळेत याला कुणी मॉनिटर केला नव्हता. आता प्लॉट पाडून विकतो, आणि दिसेल त्या चौकात स्वतःच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावतो. त्यानं ग्रुपवर फर्मान काढलं, सगळ्यांनी आपलं नाव, फोन नंबर आणि गाव पाठवावं. पाठवलं सगळ्यांनी. मग त्याचा मला फोन. माझं कोल्हापुरात शाहूपुरीत टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, दिवसभर एक्सेलमध्येच डोकं असतं, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं.

"मॅडम, तेवढी यादी करून द्या की. नाव एका रकान्यात, फोन दुसऱ्यात, गाव तिसऱ्यात. तुमचं काय, पाच मिनिटांचं काम हाय."

शाळेत हा मला माझ्या वेणीवरून चिडवायचा. काम काढायचं असलं की मॅडम. त्यानं कुठली तरी मेसेज पाठवायची सोय विकत घेतली होती. तिला अशी यादी दिली की ती प्रत्येकाला त्याच्या नावानं निमंत्रण पाठवते. आणि गाव अशासाठी, की बाहेरगावच्यांची राहायची सोय बघता यावी. मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर महिनाभर ग्रुपवर टोमणे ऐकावे लागले असते.

पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून सगळे मेसेज निवडले, कॉपी केले आणि एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात ओतले. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर चौकोनी कंसात वेळ आणि तारीख, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग मजकूर. कंस आणि त्यातलं सगळं एका झटक्यात उडवता येतं, ते उडवलं. खरी घाण त्याच्या खाली होती. एकानं नाव, नंबर, गाव स्वल्पविराम देऊन लिहिलेलं, दुसऱ्यानं मध्ये आडव्या रेघा मारलेल्या, तिसऱ्यानं तीन ओळींत तीन गोष्टी. एकानं आधी गाव, मग नाव. काहींचे नंबर मराठी आकड्यांत. काहींनी नंबराच्या आधी एक्क्याण्णव लावलेलं, त्यांचं एक्सेलनं नऊ पॉइंट एक नऊ ई असं काहीतरी भजं करून ठेवलं. काहींनी नंबर न लिहिता कॉन्टॅक्टच पाठवला होता. तो कॉपीत येतच नाही, एकेक उघडून हातानं उतरवावा लागला. आणि या सगळ्यात अंगठे, नमस्कार, फटाके आणि "मी पयला" असल्या आरोळ्या. शिकलेली, पोरंबाळं असलेली माणसं ही. मला वीट आला.

शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तुकडे करावेत म्हटलं तर कुणी दोन शब्दांत नाव लिहिलेलं, कुणी तीन. शिवाय नंबराच्या मधोमधही जागा, म्हणजे त्याचे दोन तुकडे होणार. म्हणून रेघा, तिरक्या रेघा, जे काही होतं त्या सगळ्याचे आधी स्वल्पविराम केले. मग स्वल्पविरामावर ओळी तोडल्या, आणि तोडताना फोनचा रकाना आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून घे असं एक्सेलला बजावलं. तरी जे बसलं नाही ते एकेक ओळ वाचून हातानं बसवलं. वाचत होते म्हणूनच तो मेसेज मला दिसला.

आमच्याबरोबर शिकलेल्या एका मुलाचं नाव होतं. नंबर होता. गाव बिद्री. आणि पुढं लिहिलं होतं, "हे मागच्या साली वारले. हा नंबर आता माझ्याकडं असतो. मी त्यांची मालकीण. आमच्याकडं त्यांचा लहानपणीचा एकपण फोटो नाही. शाळेतला कुणाकडं असला तर पाठवा. मुलगी विचारते."

वर कुणाचा तरी नंबर, खाली कुणाचे तरी फटाके. एकानंही वाचलं नव्हतं. एकानं त्याच्याखाली हसरा चेहरा टाकला होता.

मुलगा मला आठवेना. नंतर कळलं, नववी-दहावीपुरता तो मामाकडं राहायला होता. मी घरातला दहावीचा ग्रुप फोटो काढला. मागे नावं लिहिलेली असतात, त्यात त्याचं नाव नव्हतं. फोटोच्या दिवशी आलाच नसणार. पण एवढ्या लोकांत कुणाकडे सहलीचा, गॅदरिंगचा एखादा असेल. म्हणून मी चौथा रकाना केला, वर शेरा असं लिहिलं, आणि त्या ओळीपुढं टाकलं: वारले, नंबर पत्नीचा, शाळेतला फोटो हवा आहे. मग फाइल अध्यक्षाला पाठवली आणि फोन करून तोंडानंही सांगितलं. तो हं हं करत होता. पाठीमागं कुणाशी तरी मांडवाच्या भाड्यावरून हुज्जत चालली होती.

दोन दिवसांनी निमंत्रणं गेली आणि ग्रुपवर हसण्याचा धुमाकूळ उडाला. एकाच्या नावाचं निमंत्रण दुसऱ्याला, बायकांची बाप्यांना. मी अध्यक्षाच्या ऑफिसात जाऊन त्याच्या लॅपटॉपवर फाइल बघितली. माझा शेऱ्याचा रकाना गायब. मेसेजवाल्याला तीनच रकाने लागतात, चौथा कशाला, म्हणून यानं उडवलेला. आणि नावं अ-आ-इ प्रमाणे पाहिजेत म्हणून यानं नावांचाच रकाना निवडून क्रम लावला होता. असं करताना एक्सेल विचारतं, बाजूचे रकाने बरोबर घेऊ का, की एवढाच हलवू? यानं एवढाच म्हणून दाबलेलं. नावं सगळी इकडून तिकडं गेली, नंबर आणि गावं होती तिथंच राहिली. मी त्याला हे सांगितलं, बरोबर फाइल परत पाठवली, आणि पुन्हा त्या बाईंच्या मेसेजचं सांगितलं. "तिला परवा काय आलं असंल? सहकुटुंब नाचायला या?"

त्यावर तो गंभीर झाला. म्हणजे तसा चेहरा त्यानं केला. "श्रद्धांजली वाहूया की," म्हणाला. "मोठा फ्लेक्स करतो. एवढं बी करायला नको व्हय आपण?"

आठवड्याभरात त्यानं ग्रुपवर टाकलं, आपल्या दिवंगत मित्राचा फोटो मिळाला आहे, मेळाव्यात श्रद्धांजली वाहिली जाईल, कुटुंबीयांनी अवश्य यावं. खाली दीडशे हात जोडलेले. मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायलासुद्धा लाज वाटते.

मेळावा कोल्हापुरातच एका कार्यालयात होता. दारातच फ्लेक्स. वर अध्यक्षाचा हसरा चेहरा, आणि खाली कोपऱ्यात, छापील हार घातलेल्या चौकटीत, आमच्या वयाचा एक टकला, मिशीवाला माणूस. भावपूर्ण श्रद्धांजली. समोर टेबलावर पाकळ्यांचं ताट. येईल तो पाकळ्या वाहत होता, डोळे मिटत होता, आणि मग आत नाश्त्याला पळत होता. "लई गुणी पोरगं होतं," असं दोघा-तिघांनी मला सांगितलं. एकाला तर त्याच्याबरोबर नदीवर पोहलेलंही आठवलं. मीही पाकळ्या वाहिल्या. शाळेतला फोटो नाही मिळाला, निदान हा तरी, असं मला वाटलं.

दोन मिनिटं स्तब्धता झाली आणि त्यानंतर त्या बाई आल्या. बिद्रीहून एसटीनं, कॉलेजातल्या मुलीला घेऊन. साडी ठेवणीतली होती. दारात त्यांनी विचारलं, फोटो कुठं हाय. मी त्यांना फ्लेक्सकडे नेलं.

मुलगी आधी बोलली. "हे आमचं पप्पा न्हाईत."

अध्यक्ष धावत आला. वहिनी, नीट बघा, जुना फोटो असंल, असं त्यांनाच समजवायला लागला. स्वतःच्या नवऱ्याला नीट बघा म्हणून सांगत होता. फोटो आणला कुठून, मी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच मला ते कळलं होतं. यादीत त्या नावापुढं जो नंबर होता, त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो याच्या फ्लेक्सवाल्यानं उतरवून घेतला होता. यादी कुठली, तर याच्या लॅपटॉपवरची, विस्कटलेली. मी पाठवलेली बरोबर फाइल यानं उघडलीच नव्हती. तो नंबर पुण्याच्या आमच्याच एका वर्गमित्राचा होता. धडधाकट माणूस, रजा नाही म्हणून न आलेला. त्याला फुलं वाहून झाली होती. त्यालाही कुणी ओळखलं नव्हतं.

"चूक झाली वहिनी, टेक्निकल," अध्यक्ष म्हणाला. "जेवूनच जायचं बरं का."

पाकळ्यांच्या वासानं मला अजूनही त्या दुपारची शिसारी येते. सगळे भोवती जमले होते, हातात भज्यांच्या बशा. मी फ्लेक्स काढा म्हटलं तर एकजण म्हणाला, काढला तर अध्यक्षांचाबी फोटो जाईल.

बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, त्यातला नवऱ्याचा फोटो मोठा केला आणि समोरच्या माणसापुढं धरला. "हे बघा. हे त्ये." तो वाकला, म्हणाला, हां हां, हाच की. मग पुढच्यापुढं धरला. तोही म्हणाला, हाच, हाच, आता आठवलं. पोहायला गेलेला म्हणाला, असाच दिसायचा. बशी न ठेवता एकेकजण बघत होता आणि एकेकजण खोटं बोलत होता.

मग फोन माझ्यापुढं आला. किडकिडीत माणूस, पांढरा शर्ट, कुठल्या तरी लग्नात उभा, कॅमेऱ्याकडे न बघता. मी खूप बघितलं. मला काहीच आठवेना.

"मला नाही आठवत," मी म्हणाले. "माफ करा."

बाईंनी फोन खाली घेतला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे धड बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "त्ये बोलायचंच न्हाईत कुणाशी. लग्नानंतर मलाबी वर्षभर नावानं हाक न्हवती." आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून त्या एसटी स्टँडकडं निघाल्या.