राऊंड फिगर काकाचा पहिला पगार

माझ्या काकाला घरात सगळे ‘राऊंड फिगर’ म्हणतात. अडतीस किलोमीटर म्हणजे चाळीस, पावणेसात म्हणजे सात. काकू म्हणते, "बघायला आले तेव्हा मला विचारलं, वय किती? म्हटलं तेवीस. हे आपल्या वडिलांना सांगून आले, पंचवीस! तिथेच उठायला हवं होतं मी."

काका गोदामात सुपरवायझर. जुन्या ठिकाणी सत्तावीस हजार रोख हातात मिळायचे, कापाकापी काही नाही. काकू लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करते, तिचे नऊ हजार. दोघांचे मिळून छत्तीस आणि त्यात महिना कसाबसा बसतो. पण काकूचे गुडघे गेलेत. जिना उतरताना ती आडवी उतरते, खेकड्यासारखी. मी तिची नक्कल करायचो. एकदा तिने ती पाहिली, हसली आणि मग पायरीवरच बसून राहिली. तेव्हापासून ती एक नक्कल मी सोडली.

म्हणून काकाला मोठ्या गोदामाचं पत्र आलं तेव्हा घरात आनंदीआनंद. सीटीसी चार लाख ऐंशी हजार. काकाने तोंडी भागाकार केला. "भागिले बारा, चाळीस हजार! बघ, काही राऊंड करावंच लागलं नाही." त्याच संध्याकाळी त्याने काकूला सांगितलं, "दे नोटीस. बास झाली इस्त्री."

काकूने महिन्याची नोटीस दिली. उद्या तिचा शेवटचा दिवस.

आज काकाचा पहिला पगार झाला. फोन वाजला. काकाने मेसेज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. एकोणतीस हजार चारशे.

"चुकलंय काहीतरी," म्हणत त्याने ऑफिसात पगार बघणाऱ्या मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. काकू ओट्यापाशी उभी होती. मी कान टवकारले.

मॅडमचा आवाज साखरेत घोळलेला. "नाही सर, चूक नाहीये सर. चाळीस हा सीटीसी आहे ना सर. म्हणजे कंपनीला तुमच्यावर महिन्याला येणारा एकूण खर्च."

"मग तो खर्च माझ्या खिशात का येत नाही?"

"त्यातले चार हजार वर्षाचा बोनस आहे सर. तो वर्षअखेरी, काम बघून. नऊशे बासष्ट ग्रॅच्युइटी, ती सलग पाच वर्षं झाल्यावर. सहाशे अडतीस आरोग्य विमा. आणि पीएफमधला कंपनीचा वाटा चोवीसशे. राहिले बत्तीस हजार. बेसिक वीस, घरभाडं भत्ता आठ, विशेष भत्ता चार."

"मग बत्तीस तरी द्या की!"

"त्यातून तुमचा पीएफ चोवीसशे सर, आणि दोनशे व्यवसाय कर."

"अहो मॅडम, पीएफ आत्ताच कापलात ना?"

"तो कंपनीचा वाटा सर. हा तुमचा."

"कंपनीचा वाटाही माझ्याच चाळिसातून? म्हणजे पाहुणा आला आणि माझंच ताट पुढ्यात घेऊन बसला!"

मला हसू फुटलं. काकूकडे बघितलं आणि ते आवरलं.

"पीएफचे पैसे तुमचेच आहेत सर. दोन्ही वाटे साठतात."

"साठतील हो. पण गुडघे आज दुखतायत."

"कुणाचे सर?"

काकाने चष्मा काढला. मॅडमच पुढे म्हणाल्या, "आणि सर, आम्ही बेसिक सोळा ठेवला होता. तुम्हीच वीस करून मागितलात. सीटीसी तेवढाच, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिकवर निघतात. सोळा असता तर हातात साडेअकराशे जास्त आले असते."

काकाने फोन ठेवला. त्याच्या मित्राने सांगितलं होतं, ‘बेसिक जास्त माग, शहाणी माणसं बेसिक बघतात.’ शहाणा काका भिंतीकडे बघत बसला.

"किती कमी पडतात?" काकूने विचारलं.

"सात हजार," काका म्हणाला. मग हळूच, "सहा हजार सहाशे."

काकूने हात पदराला पुसले. "द्या इकडे फोन. मालकांना सांगते, येत राहीन म्हणून."

"नको. नोटीस मी द्यायला लावली. मीच बोलतो."

लाँड्रीच्या मालकांचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा; या वेळी स्पीकर नव्हता, तरी काकाच्या शेजारी बसून मला ऐकू येत होता, ओट्यापाशी काकूला नाही. "आता सांगता होय? मी दुसरी बाई ठरवली की! आठ हजारात येतेय ती."

"हिचा हात तुम्हाला माहीत आहे. बारा वर्षं झाली."

"म्हणून तर बोलतोय. बरं, साडेआठ देईन. जमत असेल तर बघा."

काकाने काकूकडे पाहिलं. आकडा न ऐकताच तिने होकाराची मान हलवली. "चालेल," काका मालकांना म्हणाला. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले? नऊच ना?"

मला वाटलं, काका ‘हो’ म्हणेल. साडेआठाचे नऊ करणं त्याच्या डाव्या हातचा मळ.

"साडेआठ," तो म्हणाला.

काकू भिंतीचा आधार घेत खाली बसली. काकाने कपाटातून तेलाची बाटली आणली आणि तिच्या पायाशी बसला.